मतदार 3,400, तरी सदस्य नऊच का?

प्रश्न : "आमच्या गावात मतदार 3,400 आहेत आणि ग्रामपंचायतीला सदस्य फक्त 9. शेजारच्या गावात मतदार 2,900, पण त्यांना 11 सदस्य. आमच्या वाडीवरून आजपर्यंत एकही सदस्य निवडून आलेला नाही, म्हणून पाण्याची लाईनही येत नाही. सदस्यसंख्या वाढवून घ्यायला कुठे अर्ज करायचा? (बीड जिल्हा)"

उत्तर :

नमस्कार. मी ग्रामसेवक म्हणून नोकरीला लागलो आणि ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. वेगवेगळ्या गावांचे दप्तर सांभाळले, चार वेळा प्रभाग रचनेच्या कामात होतो. तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा वाटले ते सांगतो. तुम्ही दोन वेगळी दुखणी एकाच पुडीत बांधली आहेत. सदस्य किती, हा आकड्याचा प्रश्न आहे आणि त्यावर अर्जाचा उपयोग नाही. वाडीला सदस्य का मिळत नाही, हा मात्र प्रभागाच्या रेषेचा प्रश्न आहे आणि तिथे अर्जाचा उपयोग होतो, फक्त तो योग्य वेळी करावा लागतो. पाण्याची लाईन या दोन्हींशी तुम्हाला वाटते तितकी बांधलेली नाही. मी याच क्रमाने जातो. मी सांगतो ते महाराष्ट्रापुरते आहे, दुसऱ्या राज्यांचे कायदे वेगळे आहेत.

आधी आकडा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे सदस्य कमीत कमी 7 आणि जास्तीत जास्त 17. मधले टप्पे लोकसंख्येवर ठरतात. 1,500 पर्यंत लोकसंख्या असेल तर 7, 3,000 पर्यंत 9, 4,500 पर्यंत 11, 6,000 पर्यंत 13, 7,500 पर्यंत 15 आणि त्यापुढे कितीही असली तरी 17. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणाला चिकटलेले वीस-पंचवीस हजारांचे गावसुद्धा, जोवर ते ग्रामपंचायत आहे तोवर, सतरावरच थांबते. गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यातल्या सगळ्या गावांची लोकसंख्या एकत्र धरतात. सरपंच या संख्येत नाही. 2017 साली थेट सरपंच आला, 2020 मध्ये तो रद्द झाला आणि 2022 मध्ये परत आला. आता सरपंच सगळ्या गावाच्या मतांनी वेगळा निवडला जातो, त्यामुळे तुमच्याकडे मासिक सभेला 9 सदस्य आणि 1 सरपंच असे दहा जण बसतात.

इथे लोकांचा घोळ होतो तो 'लोकसंख्या' या शब्दावर. मतदार यादीशी या टप्प्यांचा काही संबंध नाही. राज्यघटनेतच व्याख्या दिली आहे : ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत अशा शेवटच्या जनगणनेची लोकसंख्या. आजच्या घडीला ती 2011 ची आहे, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. तुमच्या गावाची 2011 ची लोकसंख्या 3,000 च्या आत असणार आणि शेजारच्यांची 3,000 च्या वर. फरक पाच-पन्नास माणसांचासुद्धा असू शकतो. टप्प्याला लवचिकपणा नाही. 2,998 ला नऊ आणि 3,001 ला अकरा.

मग 2011 ला तीन हजारांच्या आत असलेल्या गावात आज 3,400 मतदार कुठून आले? थोडी खरी वाढ आहे. 2011 मधली पोरे आता मतदार झाली. थोडी यादीची सूज आहे : मयतांची नावे निघालेली नाहीत, लग्न होऊन गेलेल्या मुली तशाच आहेत, पुण्याला स्थायिक झालेल्यांनी गावचे मतदान सोडलेले नाही. पण तुम्ही बीड जिल्हा लिहिलेत म्हणून तिसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. वाडीवरची किती कुटुंबे ऊसतोडीला जातात?

2011 च्या जनगणनेत माणसे मोजण्याचे काम 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत झाले. त्या काळात जो माणूस एकदाही घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची, असा नियम होता. फेब्रुवारीत कारखाने चालू असतात. कोयता घेऊन गेलेले जोडपे आणि त्यांच्याबरोबरची लहान पोरे तेव्हा कारखान्याच्या तळावर होती. तिथे कोणी मोजली असतील तर ती त्या गावात धरली गेली. वाडीवर राहिले म्हातारे आईबाप आणि शाळेसाठी मागे ठेवलेली एक-दोन मुले. घराला कुलूप असेल तर तेही नाही. याउलट मतदार यादीत हीच माणसे घट्ट आहेत, कारण उचल देणारा मुकादमसुद्धा निवडणुकीला त्यांना गाडीत घालून आणतो. म्हणून ऊसतोडीच्या गावांत मतदार जास्त आणि लोकसंख्या कमी हे चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. शेजारचे गाव बागायती असेल, तिथली माणसे फेब्रुवारीत घरीच असतील, तर त्यांचा आकडा भरलेला आला.

यावर आज उपाय काय? सदस्यसंख्येपुरता सरळ सांगायचे तर काही नाही. तहसीलदार, जिल्हाधिकारी किंवा राज्य निवडणूक आयोग यांच्यापैकी कोणालाही जनगणनेचा आकडा बदलता येत नाही. जिल्हा परिषदेचा ठराव आणला, आमदारांचे पत्र आणले, तरी कागद फाईलला लागतो इतकेच. पुढच्या जनगणनेत लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये ठरली आहे आणि तिचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. म्हणजे महिना पुन्हा तोच. मोजणीच्या त्या दिवसांत ज्यांना दोन दिवसांसाठी का होईना गावी येऊन नोंद देता येईल, त्यांची गणना गावात होऊ शकते. मुकादमाशी त्याबद्दल आधी बोलून ठेवा. जे नसतीलच त्यांची नावे घरच्यांनी 'आहेत' म्हणून सांगू नयेत. तळावर त्यांची नोंद झालेली असते आणि खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. ते आकडे प्रसिद्ध झाल्यावर होणाऱ्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून नवा टप्पा लागू होईल. चालू मुदतीत मधेच सदस्य वाढत नाहीत.

आता प्रभागाकडे येतो, कारण तुमचे खरे दुखणे माझ्या मते इथे आहे.

कायद्याप्रमाणे एका प्रभागातून शक्यतो कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त तीन सदस्य निवडायचे असतात. म्हणून सात सदस्यांच्या पंचायतीत तीन प्रभाग होतात (3, 2, 2) आणि नऊच्या पंचायतीत तीन-तीनचे तीन प्रभाग. अकराला चार प्रभाग होतात, त्यांतले तीन तिघांचे आणि एक दोघांचा. प्रत्येक सदस्यामागे लोकसंख्या जवळपास सारखी यावी, ही घटनेची अट आहे.

तुमचे नेमके आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून एक नमुन्याचे गाव घेऊ. 2011 ची लोकसंख्या 2,864. त्यात गावठाण 2,324 आणि वाडी 540. सदस्य 9, प्रभाग 3. 2,864 ला 9 ने भागले की एका सदस्यामागे साधारण 318 माणसे येतात आणि एका प्रभागात साधारण 955. वाडीच्या 540 ला 318 ने भागा. उत्तर 1.7. म्हणजे लोकसंख्येच्या मानाने वाडीचे वजन दीड-पावणेदोन सदस्यांचे आहे. मग एकही का येत नाही?

पहिली शक्यता बघा. अख्खी वाडी एका प्रभागात आहे आणि तिला जोडून गावठाणातली 415 माणसे घेतली आहेत. अशा प्रभागात वाडीचे बहुमत आहे. प्रत्येक मतदाराला जितक्या जागा तितकी मते असतात, म्हणजे तिथे तीन. वाडी एकदिलाने राहिली तर एक सोडाच, तिन्ही जागा वाडीच्या माणसांना जाऊ शकतात. दुसरी शक्यता बघा. मधल्या ओढ्याची किंवा रस्त्याची हद्द धरून वाडीचे 270-270 असे दोन तुकडे केले आणि ते दोन प्रभागांना जोडले. आता प्रत्येक प्रभागात वाडी 955 पैकी 270, म्हणजे शंभरात अठ्ठावीस. गावठाणाने तीन उमेदवारांचे पॅनल टाकले की तिन्ही जागा ते घेऊन जाते आणि वाडी पाच वर्षे बाहेर. माणसे तीच, मते तीच, फक्त रेषा ओढ्यावरून गेली.

तुमच्या गावात 9 चे 11 झाले असते आणि रेषा अशीच वाडीतून गेली असती, तर वाडीचा आकडा तरीही शून्यच राहिला असता. म्हणून सदस्य किती यापेक्षा वाडी कुठल्या प्रभागात आहे, अख्खी आहे की तुकड्यांत, हे आधी तपासा.

हे तपासायचे कसे? अंतिम प्रभाग रचनेच्या कागदात प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या, चारी बाजूंच्या हद्दी आणि नकाशा असतो. तो तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत मिळतो, ग्रामपंचायतीतही एक प्रत असायला हवी. कोणी देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि त्यात दोनच गोष्टी मागा : मागच्या निवडणुकीची अंतिम प्रभाग रचना नकाशासह आणि गावाच्या 2011 च्या प्रगणक गटांची लोकसंख्या. दुसरी गोष्ट बहुतेक जण मागत नाहीत आणि सगळी गंमत तिच्यात आहे.

प्रगणक गट म्हणजे जनगणनेच्या वेळी एका मोजणाऱ्या माणसाला, बहुधा प्राथमिक शिक्षकाला, दिलेला गावाचा भाग. साधारण सहाशे-साडेसहाशे वस्तीचा. सरकारकडे गावाच्या आतली लोकसंख्या याच तुकड्यांत असते, गल्लीनुसार नसते. म्हणून प्रभाग करताना हे गट शक्यतो फोडायचे नाहीत, अशी सूचना असते. पण गणित बघा : 2,864 च्या गावात असे पाच गट असतील आणि प्रभाग करायचे तीन. पाच गट तीन सारख्या ढिगांत न फोडता बसतच नाहीत. कुठला तरी गट फोडावाच लागतो. भांडण असते ते कोणाचा गट फोडायचा यावर, आणि ज्यांची माणसे त्या वेळी चावडीवर हजर असतात त्यांचा सहसा फुटत नाही.

हे काम कसे होते तेही सांगतो, म्हणजे कुठे उभे राहायचे ते कळेल. निवडणुकीच्या काही महिने आधी राज्य निवडणूक आयोग प्रभाग रचनेचा कार्यक्रम जाहीर करतो. तहसीलदार नकाशे तयार करून घेतात. महसूल आणि पंचायतीची माणसे, म्हणजे मंडळ अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, गावात येऊन स्थळ पाहणी करतात. (2024 पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे आहे. जुनी नावे तोंडातून जायला वेळ लागेल.) मग प्रारूप रचना प्रसिद्ध होते, हरकती मागवतात, प्रांत सुनावणी घेतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर ती अंतिम होते. हरकतीची मुदत कार्यक्रमातच छापलेली असते आणि ती थोड्या दिवसांची असते. एकदा ती गेली आणि पुढे निवडणूक जाहीर झाली की न्यायालयसुद्धा रचनेत हात घालायला सहसा तयार होत नाही.

हरकती मी पोत्याने पाहिल्या आहेत. दहातल्या नऊ जणांच्या हरकतीत 'आमच्यावर अन्याय झाला आहे, राजकीय हेतूने प्रभाग केला आहे' एवढेच असते. अशी हरकत पाच मिनिटांत फेटाळली जाते, कारण फेटाळायला काही वाचावेच लागत नाही. टिकलेल्या हरकतीचे एक उदाहरण सांगतो. एका गावात मी नोकरीला असताना नाल्याच्या पलीकडची वस्ती प्रारूपात दोन प्रभागांत गेली होती. तिथल्या एका निवृत्त गुरुजींनी हरकत लिहिली ती जेमतेम पानभर. त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या : हा प्रगणक गट फोडला आहे, तो न फोडता पर्यायी रचना अशी होते, आणि त्या रचनेत तिन्ही प्रभागांची लोकसंख्या सरासरीच्या इतकी जवळ येते. सोबत हाताने रंगवलेला नकाशा. सुनावणीला साहेबांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, हे का करता येत नाही? आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. रचना बदलली. खरे सांगायचे तर प्रारूप करताना ती हद्द आमच्यापैकीच एकाने घाईत, नाला सोयीचा म्हणून धरली होती. राजकारण नव्हते, आळस होता. पण गुरुजी आले नसते तर तो आळस पाच वर्षे टिकला असता.

यापुढे दुसरा टप्पा येतो तो प्रभागवार मतदार यादीचा. विधानसभेचीच यादी प्रभागांत वाटतात आणि त्यात वाडीची वीस-पंचवीस घरे भलत्याच प्रभागात पडणे हे नेहमीचे आहे. रचना चांगली झाली म्हणून निवांत बसू नका. प्रारूप यादी लागली की घराघराने नावे तपासा. या यादीवरही हरकत घेता येते, पण ती फक्त चुकीच्या प्रभागात पडलेल्या नावांसाठी. नवीन नाव घालणे किंवा मयत नाव काढणे हे विधानसभेच्या यादीतच आधी करावे लागते.

आरक्षणाबद्दल थोडक्यात, कारण ते या गणिताला जोडलेले आहे. अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा गावातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. आपल्याच नमुन्यात अनुसूचित जातीची लोकसंख्या 398 धरा. 398 गुणिले 9 भागिले 2,864 म्हणजे 1.25, म्हणून एक जागा. जमातीची 150 धरली तर 0.47 येते. अर्ध्याच्या आत, म्हणून जागा नाही. तीच लोकसंख्या 160 असती तर 0.5 ओलांडून एक जागा झाली असती. दहा माणसांचा फरक, आणि ती दहा माणसे फेब्रुवारीत तळावर असतील तर काय होते ते तुम्हीच बघा. महिलांना निम्म्या जागा, म्हणून नवात पाच. नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या जागांचे गणित गेल्या काही वर्षांत न्यायालयाच्या निकालांनी बदलत राहिले आहे, त्यामुळे त्या-त्या निवडणुकीचा आयोगाचा आदेश पाहूनच बोलावे. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात, सगळे वेगळे आहे, तिथे किमान निम्म्या जागा अनुसूचित जमातीला असतात आणि सरपंचही जमातीचाच. तुम्हाला यातून लक्षात ठेवायचे ते इतकेच : वाडीचे बहुमत असलेल्या प्रभागातही तीनपैकी कुठली जागा कोणाला राखीव आहे त्याप्रमाणे उमेदवार लागतो. सोडत ग्रामसभेत निघते. त्या दिवशी हजर राहा.

आता पाणी.

तुम्ही म्हणता सदस्य नाही म्हणून लाईन नाही. सदस्य असता तर मासिक सभेत कोणी तरी दर महिन्याला टेबल वाजवले असते, हे खरे. पण सदस्याच्या हातात स्वतःचा निधी नसतो. आमदार निधीसारखा 'सदस्य निधी' ग्रामपंचायतीत नाही. वित्त आयोगाचा पैसा पंचायतीच्या खात्यावर येतो आणि त्याचे वाटप मुख्यतः लोकसंख्येवर होते, सदस्य किती आहेत यावर नाही. नऊचे अकरा झाले म्हणून एक रुपया जास्त येत नाही.

पिण्याचे पाणी, गावातले रस्ते, गटारे, दिवाबत्ती, साफसफाई, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टी आणि पाणीपट्टी, हे पंचायतीचे रोजचे काम. रेशनकार्ड, सातबारा, विजेचा ट्रान्सफॉर्मर, शाळेतले शिक्षक यांच्यासाठी लोक सरपंचाच्या दारात बसतात, पण तो तिथे फार तर पत्र देऊ शकतो. तुमची लाईन पहिल्या यादीत आहे, ही चांगली गोष्ट. तरीही आधी एक तपासा : वाडी जलजीवन मिशनच्या योजनेत धरली आहे का? धरली असेल आणि काम अर्धवट असेल तर प्रश्न जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचा आणि ठेकेदाराचा आहे. पंचायत तिथे पैसे घालू गेली तर एकाच कामावर दोनदा खर्च म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप येतो. ग्रामसेवक 'नाही' म्हणतो तेव्हा कधी कधी कारण हेच असते, पण तो ते नीट सांगत नाही.

योजनेत नसेल तर पंचायतीचा पैसा. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात शंभरातले साठ रुपये बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचे, दोन्हींना निम्मे-निम्मे. समजा पंचायतीला वर्षाला 14 लाख आले, तर 8 लाख 40 हजार बंधित आणि त्यातले 4 लाख 20 हजार पाण्याचे. पुढच्या आयोगात हे प्रमाण बदलू शकते, चालू वर्षाचे पत्र ग्रामसेवकाकडे मागा. पण पद्धत तीच राहते : काम वार्षिक विकास आराखड्यात असेल तरच पैसा निघतो. आराखड्यात नाव नाही आणि सरपंचाने तोंडी 'करू की' म्हटले, तर त्याची मनापासून इच्छा असली तरी ऑनलाईन बिल पुढे सरकत नाही.

आणि आराखड्याला मंजुरी देते ग्रामसभा. तिथे नऊ सदस्यांचे नव्हे, गावातल्या प्रत्येक मतदाराचे मत आहे. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी ते. तुमच्या 3,400 मतदारांच्या गावात शंभर माणसे पुरतात. वाडीवरून साठ-सत्तर माणसे आली तर बहुतेक ग्रामसभांत तुमचेच बहुमत असते, कारण एरवी सभेला माणसे किती येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बहुतेक ठिकाणी गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पंधरा-वीस जणांत आराखडा मंजूर होतो. वाडीची लाईन अनेकदा इथे हुकते, मतपेटीत नव्हे.

म्हणून आराखड्याची ग्रामसभा कधी आहे ते विचारा. तिच्या चांगले पंधरा दिवस आधी लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. मागणीत 'पाण्याची सोय करावी' असे लिहू नका. टाकीपासून वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत अंतर किती मीटर, घरे किती, सध्या पाणी कुठून आणता, हे लिहा. अंतर असले की शाखा अभियंत्याला अंदाजपत्रक करता येते, ते नसले की विषय पुढच्या सभेवर जातो. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिच्यात वाडीवरच्या बायकांनी हा विषय मांडून ठराव घ्यावा. ग्रामसभेला तो विचारात घ्यावा लागतो, शिवाय घागर कोण उचलते हे त्या सभेत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सभेत ठराव झाला की उठून जाऊ नका. सूचक आणि अनुमोदक यांची नावे आणि ठरावाचे शब्द प्रोसिडिंगला लिहिलेले वाचून घ्या. 'चर्चा झाली' आणि 'मंजूर करण्यात आले' यांत आराखड्याचा फरक आहे. आठ-दहा दिवसांनी ठरावाची नक्कल मागा.

एक अडचण तुमच्यापुढे येईल ती आधीच सांगतो. आराखड्याच्या सभा बऱ्याचदा 2 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतात आणि दसऱ्यानंतर तुमची माणसे कारखान्याला निघतात. म्हणून मागणी आणि महिला सभेचा ठराव 15 ऑगस्टच्या ग्रामसभेतच करून घ्या, वाडी भरलेली असताना. ऑक्टोबरात मग फक्त तो आराखड्यात उतरला की नाही हे पाहायला चार माणसे मागे राहिली तरी चालतात.

शेवटी, तुम्ही विचारलेले नाही पण पुढच्या प्रतिसादात कोणीतरी सुचवेलच : वाडीची स्वतंत्र ग्रामपंचायत करा. शासनाला तसा अधिकार आहे, पण प्रस्तावाला वर्षे जातात आणि आपल्या नमुन्यातल्या वाडीसारख्या 540 वस्तीच्या पंचायतीची घरपट्टी किती जमणार? शिपाई, पाणी सोडणारा, वीजबिल, सगळे त्यातूनच. मी अशा एका छोट्या पंचायतीचे दप्तर पाहिले आहे. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचे बिल थकून वीज तुटली होती आणि घागरी पुन्हा जुन्याच विहिरीवर गेल्या होत्या.

प्रगणक गटांचे आकडे हातात आले की इथे टाका, सोबत वाडीची घरे कुठल्या गटात आहेत तेही लिहा. पुढच्या हरकतीसाठी पर्यायी रचना कशी बसते ते आपण मांडून बघू.